आईचा डेंग्यूचा क्लेम "डॉक्युमेंट अवेटेड" वर अडकलाय, फॉलो-अपचं पत्र नीट कसं लिहू?

मनीषनगरची मेघा
नमस्कार मंडळी. आईला सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला होता, प्लेटलेट्स खूप खाली गेले म्हणून रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं, ते कंपनीच्या नेटवर्कमध्ये नव्हतं म्हणून पैसे आम्हीच भरले आणि नंतर रीइम्बर्समेंटला टाकलं. पॉलिसी बाबांच्या नावावर, आई त्यात आहे. कंपनीतर्फे क्लेम तपासणाऱ्या टीपीएनं एकदा क्वेरी काढली, आम्ही पेपर दिले, मग परत तीच क्वेरी आली. फोन केला की दर वेळी नवीन माणूस, नवीन उत्तर. आता मी हा मेल लिहून ठेवलाय, पाठवायच्या आधी म्हटलं इथं दाखवावं, भाषा थोडी सुधारून द्या ना कोणी:

"हॅलो सर, आईच्या क्लेमचं काय झालं, किती वेळा फोन केले पण तुमचे लोक दर वेळी वेगळंच सांगतात. सगळे पेपर दिले आहेत तरी परत तेच मागून राहिले, ही काय थट्टा लावली आहे का. आम्ही बारा वर्षांपासून प्रीमियम भरून राहिलो एकही क्लेम न घेता आणि पहिल्यांदा गरज पडली तर असं. कृपया लवकरात लवकर काय ते करा नाहीतर आम्हाला पुढे जावं लागेल."

बर्डीचा बाळू
अरे ताई हा मेल तर लई सभ्य आहे 😄 यांना असं नाही समजत. सरळ वकिलाची नोटीस द्या, सीसीमध्ये विमा नियामक आयआरडीएआय, ग्राहक मंच, पंतप्रधान कार्यालय सगळे टाका. तीस दिवसात क्लेम द्यावाच लागतो असा नियम आहे, नाही दिला की व्याजासकट वसूल. आणि आयआरडीएआयच्या २०२४ च्या सर्क्युलरमध्ये तर स्पष्ट आहे की ग्राहकानं पेपर द्यायचेच नाहीत, कंपनीनं हॉस्पिटलकडून घ्यायचे. हेच फेका तोंडावर.

सक्करदराकर
माझंही असंच झालं होतं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन पाणी घुसलं तेव्हा माझी गाडी नातेवाईकाकडे उभी होती, पार सीटपर्यंत बुडाली. सर्वेअर येऊन गेला आणि मग गायब. मी म्हणतो तुमचा सर्वेअर कोण आहे त्याचं नाव आधी काढा, त्याच्या रिपोर्टची कॉपी मागा, सगळी गाडी तिथंच अडते.

मनीषनगरची मेघा
दादा आमचा हेल्थचा आहे, यात सर्वेअर नसतो ना?

सक्करदराकर
अच्छा अच्छा, मी घाईत वाचलं. पण एक सांगतो, मी जेव्हा फोन बंद करून एकाच मेलवर रिप्लाय-रिप्लाय करत गेलो ना, प्रत्येक वेळी खाली जुने सगळे मेल दिसायचे, तेव्हाच कुठं हललं. दर वेळी नवीन मेल नका काढू.

जुना क्लेमवाला
मेघाताई, मी जनरल इन्शुरन्सच्या क्लेम डिपार्टमेंटमध्ये नोकरी केली, आता निवृत्त. तुमचा मेल उद्धट अजिबात नाही. अडचण अशी की तो उघडणाऱ्याला काहीच करता येत नाही. त्यात क्लेम नंबर नाही, पॉलिसी नंबर नाही, पेशंटचं नाव नाही. "सगळे पेपर" म्हणजे कोणते, कधी दिले, कुठे दिले? "काय ते करा" म्हणजे नेमकं काय? त्या टेबलावर रोज शे-दीडशे मेल येतात, ज्यातून फाईल उघडता येत नाही तो "क्लेम नंबर कळवा" असा साचेबद्ध रिप्लाय मारून बंद होतो. राग येणं रास्त आहे पण रागाची वाक्यं काढली तर तुमच्या मेलमध्ये फक्त एक माहिती उरते, ती म्हणजे बारा वर्षं. ती मात्र फार कामाची आहे, त्यावर नंतर येतो.

आधी हे सांगा: क्वेरीत नेमकं काय मागितलं, शब्द न शब्द? तुम्ही काय दिलं, कोणत्या तारखेला? आणि मेल कोणाच्या आयडीवरून गेला, तुमच्या की बाबांच्या?

बाळूभाऊ, सीसीमध्ये दहा पत्ते असले की प्रत्येक जण समजतो दुसरा बघेल. सध्या नको.

मनीषनगरची मेघा
काका, सगळं काढून बसले. ॲडमिट ३ सप्टेंबर, डिस्चार्ज ७ सप्टेंबर. बिल ७४,८६०. फॉर्म आणि ओरिजिनल बिलं १५ सप्टेंबरला कंपनीच्या शाखेत दिली, शिक्का आहे. २९ सप्टेंबरला क्वेरी आली, दोनच मुद्दे: इनडोअर केस पेपर द्या आणि आईला बीपी केव्हापासून आहे त्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट द्या. ६ ऑक्टोबरला दोन्ही दिलं, शाखेत पण आणि मेलनं पण. मेल माझ्या जीमेलवरून. २४ ऑक्टोबरला शब्दशः तीच क्वेरी परत. ॲपवर आजही "डॉक्युमेंट अवेटेड".

पेठेतली प्राची
मध्येच विचारते, मी एका हॉस्पिटलच्या बिलिंगला आहे (तुमच्यावाल्या नाही). इनडोअर केस पेपर म्हणून तुम्ही काय दिलं? कारण निम्मे लोक डिस्चार्ज समरी आणि लॅब रिपोर्टच परत देतात. केस पेपर म्हणजे रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, ताप-नाडीचा तक्ता, सलाईन कधी लावलं ते सगळं. ते वॉर्डात नाही मिळत, मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्यावा लागतो, झेरॉक्सवर हॉस्पिटलचा शिक्का मारून देतात. नियमानं अर्ज केल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं, कोणी टोलवाटोलवी केली तर हे सांगायचं.

डेंग्यूमध्ये टीपीए हे मागतोच मागतो, कारण त्यांना बघायचं असतं की ॲडमिट करायची खरंच गरज होती का नुसत्या तपासण्या करायला झोपवून ठेवलं.

मनीषनगरची मेघा
हो तेच दिलं, शिक्क्यासकट, ३८ पानं आहेत. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट्स २२,००० होते तेही त्यात आहे.

जुना क्लेमवाला
मग चित्र स्पष्ट आहे. तुमच्या ६ ऑक्टोबरच्या मेलला ऑटो-रिप्लाय आला होता का, रेफरन्स नंबर असलेला? बघा जरा.

मनीषनगरची मेघा
नाही काका! आधीच्या मेलला आला होता, तो बाबांच्या आयडीवरून गेला होता. याला काहीच नाही.

जुना क्लेमवाला
हेच ते. पॉलिसीत जो मेल आयडी नोंदवला आहे त्याच्याशिवाय दुसरीकडून आलेला मेल बऱ्याचदा क्लेमला जोडलाच जात नाही. ३८ पानांची जड पीडीएफ असेल तर तर आणखीच. टीपीएच्या सिस्टीममध्ये पेपर आलेच नाहीत, म्हणून ठराविक दिवसांनी मशीननं तीच क्वेरी परत काढली. थट्टा नाही, तुमचे पेपर शाखेच्या कपाटात पडून आहेत. पण चूक तुमची ठरत नाही, कारण ६ ऑक्टोबरचा शाखेचा शिक्का तुमच्याकडे आहे, कंपनीला कागद त्या दिवशी मिळाले. तुमचं अख्खं पत्र या शिक्क्यावर उभं करा.

पत्र कंपनीला लिहा, टीपीए फक्त सीसीमध्ये. टीपीए फाईल तपासतो पण क्लेम नाकारायचा निर्णय कंपनीचाच असतो, टीपीएला स्वतःच्या अधिकारात नाकारता येत नाही. आणि बाबांच्या नावानं, बाबांच्या आयडीवरून. मी मसुदा टाकतो, नंबर तुम्ही भरा:

*विषय: क्लेम क्र. ____, पॉलिसी क्र. ____, पेशंट: (आईचं नाव): क्वेरीचे कागद ६ ऑक्टोबर २०२५ रोजीच सादर, क्लेमवर निर्णयाची विनंती*

*महोदय/महोदया,*

*माझ्या पत्नी ३ ते ७ सप्टेंबर २०२५ या काळात डेंग्यूमुळे ____ हॉस्पिटल, रामदासपेठ, नागपूर येथे दाखल होत्या. त्यांचा रु. ७४,८६० चा रीइम्बर्समेंट क्लेम मी १५ सप्टेंबर रोजी आपल्या ____ शाखेत सादर केला.*

*२९ सप्टेंबरच्या क्वेरीत मागितलेले दोन्ही कागद, म्हणजे इनडोअर केस पेपर (३८ पाने, हॉस्पिटलच्या शिक्क्यासह) आणि रक्तदाबाबाबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र, मी ६ ऑक्टोबर रोजी त्याच शाखेत दिले. पोच सोबत जोडली आहे. तरीही २४ ऑक्टोबर रोजी तीच क्वेरी पुन्हा आली असून ॲपवर कागद आलेले नाहीत असे दिसते. बहुधा शाखेतून ते टीपीएपर्यंत पोचले नसावेत.*

*सोयीसाठी दोन्ही कागद पुन्हा जोडत आहे. ही पॉलिसी २०१३ पासून खंड न पडता सुरू आहे, हेही नोंदीसाठी नमूद करतो.*

*माझी विनंती:*
*कागद मिळाल्याची नोंद क्लेमवर करून ६ ऑक्टोबर ही शेवटचा कागद मिळाल्याची तारीख धरावी आणि क्लेमवर निर्णय कळवावा. आणखी कागद हवा असल्यास तो नेमका कोणता आणि कशासाठी, हे एकदाच कळवावे. तो थेट हॉस्पिटलकडून घेण्यास माझी संमती आहे. रक्कम कापल्यास किंवा क्लेम नाकारल्यास पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, हे लेखी द्यावे.*

*____ तारखेपर्यंत उत्तर मिळावे ही विनंती.*

*आपला, (नाव, नोंदणीकृत मोबाईल)*

मनीषनगरची मेघा
काका काय सुंदर लिहिलंत, आणि कुठंच भांडण नाही. पण "बहुधा पोचले नसावेत" हे आपण त्यांना सोडून देतोय असं नाही का वाटत? आणि ६ तारीख धरा असं का लिहिलं?

जुना क्लेमवाला
सोडून नाही देत, वाट काढून देतो. वाचणारा माणूस वेगळ्या शहरात बसलेला असतो, त्यानं तुमचे पेपर हरवलेले नसतात. त्याला "तुमची चूक" म्हटलं की तो आधी बचाव लिहितो, "शाखेत अडकले असावेत" म्हटलं की तो शाखेला एक मेल टाकतो. आपल्याला दुसरं हवं आहे.

६ तारखेचं कारण म्हणजे कंपनीचे दिवस कागद पूर्ण मिळाल्यापासून मोजतात. आज पुन्हा जोडले म्हणून त्यांनी आजपासून मोजायला सुरुवात केली तर तुमचा सगळा उशीर पुसला जातो. त्यामुळे "सोयीसाठी पुन्हा" हे शब्द काढू नका. बाळूभाऊंचे तीस दिवस हा आधीचा हिशोब, २०२४ च्या नियमांनंतर रीइम्बर्समेंटला १५ दिवस आहेत. तरी तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत क्लेम सेटलमेंटच्या कलमात जो आकडा छापला आहे तोच पत्रात वापरा, त्यावर वाद नाही होत. व्याजाचं भाऊंचं बरोबर आहे, उशीर झाला तर बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त दरानं द्यावं लागतं. पण पहिल्या पत्रात नको.

आणि ते सर्क्युलरचं वाक्य आहे खरं, कागद कंपनी आणि टीपीएनं हॉस्पिटलकडून घ्यावेत असंच लिहिलंय. पण नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलला टीपीए विचारतच नाही आणि हॉस्पिटलही त्यांना दाद देत नाही. तोंडावर फेकून महिना जाईल, म्हणून मी ते संमतीच्या वाक्यात घातलं.

बर्डीचा बाळू
काका मानलं. पण व्याज पहिल्याच पत्रात का नको? मागितलं नाही तर कोण देऊन राहिलं. माझ्या साळ्यानं पहिल्याच पत्रात टाकलं होतं, त्याला मिळालं.

जुना क्लेमवाला
मिळालं असेल. माझा अनुभव असा की पहिल्या पत्रात व्याज दिसलं की फाईल क्लेम टेबलवरून लीगलकडे मत घ्यायला जाते आणि तिथं झोपते. ज्याचं त्याचं मत.

पेठेतली प्राची
काका, ते बारा वर्षांचं सांगणार होता.

जुना क्लेमवाला
हो. डेंग्यूच्या क्लेमला बीपी केव्हापासून हे विचारण्याचं कारण एकच, पॉलिसी घेताना आजार लपवला होता का ते तपासणं. पण सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. ताईंची पॉलिसी २०१३ पासून आहे, म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर काहीही असलं तरी फरक पडत नाही. म्हणून "इतकी वर्षं प्रीमियम भरतो" अशी तक्रार न करता "२०१३ पासून खंड न पडता" असं एक कोरडं वाक्य टाकलं. ज्याला समजायचं त्याला समजतं.

एक मात्र बघा, मध्ये कंपनी बदलली असेल तर पोर्ट केल्याचे जुने कागद जोडावे लागतील.

इतवारीचा चहा
मराठीत पाठवलं तर चालतं का हो? माझ्या वडिलांना इंग्रजी जमत नाही, आणि दुसऱ्यानं लिहून दिलेलं त्यांना वाचता येत नाही तर सही करायला नको म्हणतात.

जुना क्लेमवाला
सरकारी कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात आम्ही मराठी पत्रं घ्यायचो, काही अडलं नाही.

पेठेतली प्राची
शाखेत घेतील, पण टीपीएचं टेबल हैदराबाद नाहीतर बंगळूरला असतं, तिथं मराठी कोण वाचणार? मी पेशंटना सांगते, विषयाची ओळ आणि विनंती इंग्रजीत, बाकी मराठी.

इतवारीचा चहा
अर्धं अर्धं बाबांना आणखी नाही पटणार 😅 बघतो.

मनीषनगरची मेघा
अपडेट: बाबांच्या आयडीवरून पाठवलं, पॉलिसीच्या पुस्तिकेत १५ दिवस लिहिले होते, तेच धरले. या वेळी ऑटो-रिप्लाय आला, रेफरन्स नंबरसकट. ॲपवर "डॉक्युमेंट रिसीव्ड" झालं. पण दिलेली तारीख गेली तरी पुढे काही नाही. आता बाबा म्हणतात जाऊन भांडू.

जुना क्लेमवाला
भांडू नका, पायरी बदला. आता तेच पत्र क्लेम टीमला परत नाही पाठवायचं, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायचं, ग्रिव्हन्स ऑफिसर म्हणतात, त्याचा पत्ता पुस्तिकेत शेवटी छापलेला असतो. आणि विषयात "तक्रार" किंवा "ग्रिव्हन्स" हा शब्द यायलाच हवा. तो नसेल तर तुमचं पत्र चौकशी म्हणून नोंदलं जातं, "आपला क्लेम प्रक्रियेत आहे" असं उत्तर देऊन बंद. तक्रार म्हणून नोंदलं की १४ दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि तक्रारीचा नंबर मिळतो.

आधीच्या मेलवरच रिप्लाय करा, सक्करदराकर म्हणाले तसं, म्हणजे खाली सगळा इतिहास जातो. वर इतकंच:

*विषय: तक्रार: क्लेम क्र. ____: सर्व कागद ६ ऑक्टोबर रोजी सादर करूनही निर्णय नाही*

*महोदय/महोदया, खालील पत्रात मागितलेले उत्तर दिलेल्या मुदतीत मिळाले नाही. पॉलिसीच्या कलम ____ प्रमाणे निर्णयाची १५ दिवसांची मुदत उलटली आहे. हे पत्र औपचारिक तक्रार म्हणून नोंदवून तक्रार क्रमांक कळवावा, क्लेमवर लेखी निर्णय द्यावा, आणि मंजूर रकमेवर विलंबाचे नियमाप्रमाणे व्याज द्यावे. घटनाक्रम व पोच सोबत आहे.*

बस. आता व्याज घातलंय बाळूभाऊ, इथं त्याची जागा. सोबत एक छापील प्रत स्पीड पोस्टनं टाका, जीपीओतून किंवा कुठूनही, पावती आणि डिलिव्हरीचा स्क्रीनशॉट त्याच फाईलला लावा.

बर्डीचा बाळू
मी म्हणतो डायरेक्ट विमा लोकपालाकडे का नाही जायचं? फुकट आहे, वकील लागत नाही.

जुना क्लेमवाला
फुकट आहे, वकील लागत नाही, दोन्ही खरं. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात. पण विमा लोकपाल पहिलं विचारतो की कंपनीला लेखी तक्रार दिली होती का. कंपनीनं ती फेटाळली, किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तरच तुमचं प्रकरण उभं राहतं, आणि त्यानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. म्हणून ही तक्रारीची पायरी गाळून चालत नाही. नागपूर पुण्याच्या कार्यालयाखाली येतं, सुनावणी ऑनलाईनही होते, त्यामुळे पुण्याला जावंच लागेल असं नाही. मधे आयआरडीएआयच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर तक्रार टाकता येते, नाहीतर १५५२५५ ला फोन, पण ते पोर्टल निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडेच ढकलतं आणि लक्ष ठेवतं.

सक्करदराकर
माझ्या गाडीच्या वेळी पोर्टलवर टाकल्यावर दोन दिवसांत फोन आला होता, आणि फोनवर गोड बोलून तक्रार बंद करा म्हणाला. मी केली आणि मग परत शांतता. लेखी येईपर्यंत बंद नका करू ताई.

मनीषनगरची मेघा
झालं झालं! तक्रार नंबर आला, मग आठवडा झाला आणि पैसे आले बाबांच्या खात्यात. ६९,७२०. म्हणजे ५,१४० कापले. पत्रात लिहिलंय: नॉन-मेडिकल ३,२४०, "रिपोर्ट नॉट अटॅच्ड" १,९००. व्याजाबद्दल एक शब्द नाही. आता हे पैसे घेतले म्हणजे विषय संपला का?

पेठेतली प्राची
नॉन-मेडिकलमध्ये ग्लोव्हज, मास्क, रजिस्ट्रेशन चार्ज असलं असतं, ते जवळपास सगळ्याच पॉलिसीत जातं, त्यामागं नका लागू. १,९०० चं बघा, ती कोणती टेस्ट आहे? बिल आहे पण रिपोर्ट लागलेला नाही, इतकाच अर्थ. लॅबमधून रिपोर्टची डुप्लिकेट मिळते, पाठवला की देतात.

जुना क्लेमवाला
प्राचीताईंशी सहमत. एनईएफटीनं आपोआप आलेले पैसे म्हणजे तुम्ही हक्क सोडला असं होत नाही, डिस्चार्ज व्हाउचरवर सही केली तरी उरलेलं मागता येतं. पण तीन ओळी लगेच लिहा, त्याच मेलवर: रु. ६९,७२० अंशतः मिळाले म्हणून पोच देतो, रु. १,९०० चा रिपोर्ट जोडला आहे तो तपासून रक्कम द्यावी, आणि ६ ऑक्टोबरपासूनच्या विलंबाच्या व्याजाचा हिशोब कळवावा. आभारही माना, ज्यानं फाईल काढली त्याला पुढच्या वेळी तुमचं नाव आठवू दे.

बर्डीचा बाळू
आभार कशाचे बे, आपलेच पैसे 😄 आणि व्याज किती होते हो काका यात?

जुना क्लेमवाला
इतक्या उशिराचं हजाराच्या आत. द्यायचं त्यांनी स्वतःहून असतं, देतात कमी जण. ताई, त्यासाठी लोकपालकडे जायचं का ते तुम्ही ठरवा, मी असतो तर १,९०० घेऊन थांबलो असतो.

मनीषनगरची मेघा
बाबा थांबणार नाहीत काका, त्यांनी नवीन फाईल आणली कालच. १,९०० ची टेस्ट डेंग्यू प्रोफाईल निघाली, रिपोर्ट उद्या लॅबमधून आणते. आणि पॉलिसीत माझा मेल आयडी पण टाकून घ्यायचा आहे, त्यासाठी शाखेत जावं लागतं की ॲपवरून होतं?

पेठेतली प्राची
बहुतेक ॲपवरून होतं, बाबांच्या मोबाईलवर ओटीपी येईल. पण दोन आयडी ठेवू देत नाहीत बऱ्याच कंपन्या, त्यामुळे बाबांचाच मेल तुमच्या फोनमध्ये उघडून ठेवणं सोपं.